'काही नाही'च्या पुढे

"कितीही विचारलं तरी यांचं एकच उत्तर, काही नाही."

नवरा मनातलं बोलत नाही, ही अनेक बायकांची तक्रार. त्यावर 'प्रश्न कमी करा' असा सल्ला मिळतो. तो पटतो, पण प्रश्नाची घडणही बदलावी लागते. आमच्या जाऊबाईंचंच सांगते. भासरे कापूस विकून आले की दारातच सुरू व्हायचं, "भाव किती लागला? उशीर काऊन झाला? पैसे कोणाले दिले?" अशा प्रश्नांना आकडा नाहीतर हो-नाही एवढंच उत्तर असतं, आणि 'काऊन' म्हटलं की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो. यंदा त्यांनी चहा होऊ दिला, शेंगा फोडत बाजूला बसल्या आणि एवढंच विचारलं, "आज जिनिंगवर कसं गेलं, सांगा बरं." बराच वेळ ते गप्पच होते. जाऊबाईंनी दुसरा प्रश्न टाकला नाही, हे सगळ्यात अवघड. मग ते म्हणाले, "ओल जास्त म्हणून सगळ्याइच्या समोर कापूस मांगं ठेवला." त्यावर त्यांनी ना सल्ला दिला ना व्यापाऱ्याला शिव्या. "चारचौघात लागलं तुम्हाले," एवढंच म्हणाल्या. मग पोरीच्या फीची काळजीही निघाली.

मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, 'मी नसलो तर बरं' असं तोंडून निघालं, तर आडून विचारू नका. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घराबाहेर हलवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.