मोडीच्या वर्गाची वेळ: घरच्या ग्रुपवर

आत्या (पुणे): मुलांनो, मोडी लिपीचे ऑनलाइन वर्ग ठरले. १८ ऑक्टोबर, २५ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२६, तिन्ही रविवारी संध्याकाळी साडेसातला. पोस्टर टाकलंय, तुमच्या तिकडच्या मित्रमंडळींनाही पाठवा.

दादा (न्यू जर्सी): आत्या, पोस्टर अजून पुढे पाठवू नका. त्यावर "10 AM EST" आहे. EST ही आमची हिवाळ्यातली वेळ. ऑक्टोबरात इथे EDT चालू असते. कोणी EST धरून हिशेब केला तर भारतात साडेआठ वाजतात, म्हणजे तो माणूस तासभर उशिरा येईल.

आत्या: अरे, नेटवर तर सगळे EST च लिहितात.

मी: लिहितात, म्हणूनच गोंधळ होतो. आपण अक्षरं टाळू आणि शहराचं नाव लिहू. IST चंही तसंच आहे, आयर्लंड आणि इस्रायलमध्येही तीच अक्षरं वापरतात.

ताई (लंडन): मग मी मैत्रिणींना काय सांगू? तीन ना?

मी: पहिल्या रविवारी तीन, पुढच्या दोन्ही रविवारी दोन. तुमची घड्याळं २५ ऑक्टोबरला पहाटे तासभर मागे जातात, म्हणजे नेमकी दुसऱ्या वर्गाच्या दिवशी. दादाकडची १ नोव्हेंबरला पहाटे, म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या दिवशी. भारताचं घड्याळ वर्षभर बदलत नाही, त्यामुळे बदल फक्त तुम्हालाच जाणवणार.

दादा: म्हणजे मधल्या आठवड्यात लंडन आणि आमच्यात पाच नाही, चारच तासांचं अंतर. ताईच्या वेळेतून पाच वजा करून कोणी आमची वेळ काढली तर २५ ला नऊ येतील, आणि वर्ग तर दहाला.

मी: बरोबर. म्हणून एका शहरावरून दुसऱ्याची वेळ काढायची नाही, प्रत्येकाची पुण्यावरून काढायची. गेल्या वर्षी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या साप्ताहिक वेबिनारला उलटं झालं. अमेरिकेतल्या आयोजकाने दर आठवड्याचं निमंत्रण त्याच्या वेळेत, सकाळी दहाला लावलं होतं. २ नोव्हेंबरला तिथली घड्याळं मागे गेली, त्याच्याकडे दहाच राहिले आणि आमच्याकडे साडेसातचे साडेआठ झाले. इकडचे लोक तासभर लिंक उघडून बसले होते. तांत्रिक बिघाड काहीच नव्हता, निमंत्रण कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं.

काका (नाशिक): आपलं कुठे बांधायचं मग?

मी: पुण्याला. शिकवणार आत्या, साडेसात त्यांच्या सोयीचे. आत्या, गुगल कॅलेंडरमध्ये वेळेशेजारी टाइम झोन निवडता येतो, तिथे भारत ठेवा. काही ठिकाणी तो `Asia/Kolkata` असा दिसतो, काही ठिकाणी `Asia/Calcutta`, दोन्ही एकच. मग निमंत्रणच सगळ्यांना पाठवा. ते उघडलं की ज्याच्या त्याच्या फोनवर तिथली वेळ आपोआप येते. पोस्टर हे चित्र आहे, त्यातला आकडा बदलत नाही.

वहिनी (सिडनी): आणि मी? साडेसात म्हणजे आमच्याकडे मध्यरात्रीनंतर.

मी: हो वहिनी, सोमवारी पहाटे १. तुमची घड्याळं ४ ऑक्टोबरलाच पुढे गेलेली असतील, त्यामुळे तिन्ही वेळा पहाटे एकच. पोस्टरवर नुसतं "रविवार" वाचून कोणी रविवारी पहाटे एकला लिंक उघडेल, तेव्हा वर्गाला अजून चोवीस तास असतील. म्हणून वेळेबरोबर वार आणि तारीखही त्या शहराची लिहायला हवी.

वहिनी: तारीख बरोबर लिहिली तरी पहाटे एकला मुलं कशी बसतील?

मी: नाहीच बसणार. पुणे, लंडन, न्यू जर्सी आणि सिडनी या चौघांनाही सोयीची अशी एक वेळ निघतच नाही. सिडनीला दुपारी चार हवेत तर पुण्यात सकाळी साडेदहा, पण तेव्हा लंडनला पहाट आणि दादाकडे मध्यरात्र उलटलेली.

आत्या: मग मी त्याच रविवारी सकाळी साडेदहाला सिडनीसाठी वेगळा घेते. मुळाक्षरं गिरवून घ्यायची आहेत, हात समोर दिसायला हवा, रेकॉर्डिंगवर ते जमणार नाही.

वहिनी: आत्या, खूप बरं वाटलं. दहा-बारा मुलं नक्की येतील.

मी: मग पोस्टरवर संध्याकाळच्या वर्गासाठी एवढंच लिहू:

पुणे: तिन्ही रविवारी संध्या. ७.३०
लंडन: १८ ऑक्टो. दुपारी ३, २५ ऑक्टो. आणि १ नोव्हें. दुपारी २
न्यू जर्सी: १८ आणि २५ ऑक्टो. सकाळी १०, १ नोव्हें. सकाळी ९

खाली सकाळच्या वर्गाची ओळ: सिडनी, तिन्ही रविवारी दुपारी ४.

आत्या: निमंत्रण पाठवलं. बघा रे.

ताई: माझ्याकडे ३, २, २ दिसतंय.

दादा: इथे १०, १०, ९. जुळलं. आत्या, जुनं पोस्टर ग्रुपवरून काढून टाका, मी नवं पाठवतो.