'स्मृतिहीन' गुणधर्म: नक्की कोण काय विसरतं?

पाऊलवाट: घातांकी वितरण शिकतोय. त्यात 'स्मृतिहीन गुणधर्म' असा शब्द आलाय. शब्द कळतो, पण गणितात वापरायला गेलो की फसतो. प्रतीक्षाकाळ T घातांकी आहे, सरासरी १० मिनिटं. १० मिनिटं थांबून झाली, अजून काही घडलेलं नाही. आणखी ५ मिनिटांहून जास्त थांबावं लागण्याची संभाव्यता किती? मी १५ मिनिटांची संभाव्यता काढली, ०.२२३ आली. पुस्तकात ०.६०७ आहे.

त्रिज्या: स्मृतिहीन म्हणजे स्वतंत्र. आधीच्या १० मिनिटांचा पुढच्याशी काही संबंध नाही, एवढंच लक्षात ठेवा.

हिशेबनीस: अहो त्रिज्या, 'संबंध नाही' हे एका अर्थी खरं, पण 'स्वतंत्र' म्हटलंत की पाऊलवाट यांचंच उत्तर बरोबर ठरेल! T > 15 आणि T > 10 या घटना स्वतंत्र असत्या तर अट घातल्याने काहीच बदललं नसतं आणि ०.२२३ तसंच राहिलं असतं. पण १५ मिनिटं ओलांडणारा प्रत्येक जण १० ओलांडूनच गेलेला असतो. पहिली घटना दुसरीच्या पोटात आहे, त्या स्वतंत्र कशा असतील?

पाऊलवाट, तगण्याचं फलन घ्या. S(t) म्हणजे t वेळेपर्यंत काहीही न घडण्याची संभाव्यता. इथे

S(t) = e^(-t/10)

प्रश्न आहे तो १० मिनिटं तगलेल्यांपैकी १५ पर्यंत कितीजण तगले याचा. म्हणून भागाकार:

S(15) / S(10) = 0.223 / 0.368 = 0.607

तुम्ही अंश काढलात, छेद राहिला. आता S(5) काढून बघा.

पाऊलवाट: e^(-0.5) = 0.607. तेच आलं! म्हणजे आत्ता येऊन थांबलेल्या माणसाला ५ मिनिटांसाठी जे उत्तर, तेच मला?

हिशेबनीस: तेच. विसरलं जातं ते 'आतापर्यंत किती थांबलो' एवढंच. दर विसरला जात नाही. १० मिनिटं थांबूनही उरलेली सरासरी १० मिनिटंच राहते, आणि ते पचायला जड जातं. तोच प्रश्न ० ते २० मिनिटांमध्ये समान विखुरलेल्या वेळेला विचारा. सरासरी तिथेही १०, पण S(15)/S(10) = 0.25/0.5 = 0.5, तर S(5) = 0.75. तिथे थांबलेली मिनिटं पुढच्या हिशेबात धरली जातात.

कुदळ: मी यंत्रदुरुस्तीत आहे. बेअरिंग कित्येक वर्षं चाललं आणि कोणी म्हणालं की नव्याइतकंच टिकेल, तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन. हे गणित कुठल्या जगातलं?

हिशेबनीस: तुमचं बरोबर आहे, कुदळ. झिजणाऱ्या वस्तूला हे वितरण लावायचंच नाही. किरणोत्सारी अणूच्या क्षयाला ते नेमकं बसतं, कारण अणू झिजत नाही. तपासायची सोपी खूण सांगतो: नोंदींवरून S(t) काढा आणि त्याचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडा. सरळ रेषा आली तर घातांकी. तुमच्या बेअरिंगची रेषा पुढेपुढे जास्तच खाली झुकेल.

त्रिज्या: आणि वर वळली तर?

हिशेबनीस: तर बहुधा दोन दरांची सरमिसळ आहे. समजा अर्ध्या प्रतीक्षांची सरासरी २ मिनिटं, अर्ध्यांची १८. एकूण सरासरी १०च. पण १० मिनिटं थांबून झाल्यावर जवळजवळ फक्त संथ गटच उरतो, आणि उरलेली सरासरी १७.८ मिनिटांच्या आसपास जाते. थांबाल तितकं वाढतच जातं.

शब्दवेडा: मुळात 'स्मृती' हा शब्दच नडतोय का? 'वयनिरपेक्ष' म्हणून बघा. वय वाढलं तरी पुढचं आयुष्य तेवढंच. कुदळ यांना लगेच पटेल.

कुदळ: पटलं. बेअरिंगला 'वयसापेक्ष' म्हणेन.

त्रिज्या: पण सरमिसळीचं काय? दोन्ही गट वेगवेगळे पाहिले तर वयनिरपेक्ष, एकत्र केले की नाहीत. मग वय कुणाचं वाढलं?

हिशेबनीस: मी म्हणेन, वस्तूचं नाही. थांबता थांबता आपल्याला गट कोणता ते कळत गेलं. स्मृती आपल्या माहितीत आहे.

शब्दवेडा: मग तिथे 'वयनिरपेक्ष' लंगडा पडतो आणि 'स्मृतिहीन'च बरा वाटतो. मला अजून ठरवता येत नाहीये.