मदत हवी आहे: ऑक्सिटोसिनच्या ड्रिपवर कळा वाढल्या, पुढे काय करावे?

नागपूर_सिस्टर: मी नागपुरातील एका लहान रुग्णालयात प्रसूती कक्षात काम करते. पहिलटकरीण, 41 आठवडे पूर्ण. रात्री दहाला बिशप स्कोअर 4 होता (तोंड 1 सेंमी उघडे, मध्यम कठीण आणि मागे वळलेले), म्हणून डिनोप्रोस्टोन जेल ठेवले. सकाळी सहाला तोंड 2 सेंमी, मऊ, मध्यावर आले, स्कोअर 7 झाला आणि 500 मिली आरएलमध्ये 5 युनिट ऑक्सिटोसिन घालून 12 थेंबांवर ड्रिप सुरू झाली. तासाभरात दहा मिनिटांत सहा कळा येऊ लागल्या, त्या अर्धा तास तशाच राहिल्या आणि बाळाचे ठोके कळेनंतर 100 पर्यंत उतरू लागले. ड्रिप बंद करून तिला डाव्या कुशीवर वळवले, डॉक्टरांना बोलावले, ठोके आता ठीक आहेत. कळा जेमतेम तीस सेकंदांच्या होत्या, तरी याला अतिउत्तेजन म्हणायचे का? ड्रिप पुन्हा कितीने लावतात?

वऱ्हाडी_डॉक: कळ दोन मिनिटे टिकली तरच काळजी. सहा कळा म्हणजे प्रसूती लवकर होईल. ऑक्सिटोसिन बंद केल्यावर काही मिनिटांतच उतरते, हे मात्र खरे.

माजी_निवासी_मेडिकल: शेवटचे वाक्य बरोबर, आधीची दोन नाहीत. अर्धा तास सरासरीने दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा म्हणजे अतिउत्तेजनच, मग त्या आखूड का असेनात. दोन कळांमध्ये गर्भाशय सैल होत नसेल तर बाळाला रक्त पुरत नाही. ताई, एक सांगा, सेट कोणता होता? मिलीला 60 थेंबांच्या मायक्रो सेटवर 12 थेंब म्हणजे मिनिटाला 2 मिलियुनिट. मिलीला 20 थेंबांच्या साध्या सेटवर तेच 6 होतात.

नागपूर_सिस्टर: रात्रपाळीने लावलेला सेट साधा आहे. कागदावर फक्त "12 थेंब" लिहिले आहे.

माजी_निवासी_मेडिकल: मग सुरुवातच तिप्पट झाली, शिवाय जेलचा उरलेला परिणाम. कागदावर थेंबांऐवजी मिलियुनिट लिहायला सांगा. ठोके न सुधारते तर टर्ब्युटालिन 250 मायक्रोग्रॅम त्वचेखाली देतात.

महाल_गृहिणी: माझ्या बहिणीचे पहिले सिझर आहे. तिलाही ही जेल किंवा मिसोप्रोस्टॉलची गोळी देतील का?

माजी_निवासी_मेडिकल: जुन्या टाक्यांवर मिसोप्रोस्टॉल नको, गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. फोलीच्या फुग्याबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा. सिस्टर, ड्रिप बंद होऊन अर्ध्या तासाहून कमी वेळ झाला असेल तर पुष्कळजण निम्म्या दराने लावतात, जास्त झाला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. पण आधी तपासून पाहा, कळा आपोआपच पुरेशा असतील तर ड्रिप लागणारही नाही.

वऱ्हाडी_डॉक: ठोके एकदा उतरल्यावर मी तरी ड्रिप पुन्हा लावली नसती.

नागपूर_सिस्टर: डॉक्टर आता तपासत आहेत, तोंड 4 सेंमी आहे. मायक्रो सेट मागवला आहे.