मदत हवी आहे: आठवड्याच्या तेरजेत 2,000 चा फरक, नावे-जमा कुठे अडलंय?

वैशाली_खानापूर
खानापुरात आमचं छोटं किराणा दुकान आहे. आजवर गल्ला आणि उधारीची वही एवढाच हिशेब. आता कर्जासाठी बँकेनं नीट हिशेब मागितलेत, म्हणून सोमवारपासून दुहेरी नोंद सुरू केली. सुरुवातीला गल्ल्यात 5,000, बँकेत 15,000 आणि दुकानात माल 40,000, म्हणून भांडवल 60,000 धरलं.

सोमवारी बेळगावच्या रविवार पेठेतून 12,000 चा माल उधारीवर आणला, टेंपोभाडं 400 रोख दिलं. मंगळवारी रोख विक्री 4,500. बुधवारी शेजारच्या काकूंना 1,800 चं सामान उधार. गुरुवारी 2,200 ची विक्री, सगळी यूपीआयनं बँकेत. शुक्रवारी काकूंनी 1,000 रोख आणून दिले आणि आम्ही व्यापाऱ्याला बँकेतून 5,000 पाठवले. शनिवारी घराला गल्ल्यातून 1,500 घेतले.

आठवड्याअखेर सगळ्या खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून तेरीज काढली, तर बेरीज नावे 77,500, जमा 75,500 येते. शिवाय गुरुवारी बँकेचा मेसेज म्हणतो खात्यात रक्कम क्रेडिट झाली, आणि शिकवणारे सर म्हणतात बँक डेबिट कर, म्हणजे नावे टाक. कुणाचं धरू?

सुहास_निपाणी
ताई, सोपं आहे. पैसे आले की नावे, गेले की जमा. सरांचंच धरा. घरखर्चाचे 1,500 खर्च खात्यात टाका.

वैशाली_खानापूर
दादा, मग सोमवारच्या मालाचं काय? त्या दिवशी मालाचे पैसे आलेही नाहीत नि गेलेही नाहीत.

शहापूरचे_दिवाणजी
वैशालीताई, बरोबर विचारलंत. सुहासरावांचा नियम गल्ला आणि बँक या दोन खात्यांपुरता खरा आहे. सोमवारी खरेदी खाते नावे 12,000 आणि व्यापारी जमा 12,000, कारण त्यानं माल दिला आणि तुम्ही त्याचं देणं लागलात. शुक्रवारी पाठवलेले 5,000 त्याला मिळाले, म्हणून तो नावे 5,000 आणि बँक जमा. त्याचं 7,000 देणं उरलं.

बँकेचा मेसेज खोटा नाही, पण ती बँकेची वही आहे. तुमचे पैसे बँकेकडे म्हणजे बँक तुमचं देणं लागते, म्हणून तिच्या वहीत तुम्ही जमा. तुमच्या वहीत तेच येणं आहे, म्हणून बँक नावे 2,200, विक्री जमा 2,200.

आता फरक. 2,000 चे निम्मे 1,000. एखादी रक्कम उलट्या बाजूला पडली की फरक दुप्पट दिसतो, म्हणून मी आधी निम्मी रक्कम शोधतो. तुमच्या आठवड्यात 1,000 एकदाच आहेत, काकूंचे. त्यांच्या खात्यावर आज किती बाकी दिसते?

वैशाली_खानापूर
2,800 नावे. गल्ल्यात 1,000 नावे टाकले, काकूंनी दिले म्हणून त्यांच्या नावावरही 1,000 मांडले.

शहापूरचे_दिवाणजी
तिथंच आहे. काकूंनी दिले, म्हणून त्या जमा. जुन्या रोजकीर्दीत आम्ही डावीकडे जमेत पैसे आणून देणाऱ्याचंच नाव घालत होतो. काकूंकडे येणं 800 राहिलं. आता नावेकडे गल्ला 8,600, बँक 12,200, सुरुवातीचा माल 40,000, खरेदी 12,000, काकू 800, टेंपो 400 आणि घरउचल 1,500. जमेकडे भांडवल 60,000, विक्री 8,500, व्यापारी 7,000. दोन्हीकडे 75,500.

घराचे 1,500 मात्र खर्चात नकोत, वेगळ्या उचल खात्यात ठेवा. खर्चात टाकले तरी तेरीज जुळेलच, पण दुकानाचा नफा 1,500 नं कमी दिसेल आणि बँक तेवढंच बघते. चुकीच्या खात्यात, पण बरोबर बाजूला पडलेली रक्कम तेरीज कधीच पकडत नाही. दुसऱ्या काकूंच्या नावावर उधारी पडली तरी तसंच, म्हणून उधारीची वही बंद करू नका.

उसाचं_बिल_येऊ_दे
आमच्या गावात तर कारखान्याचं बिल आल्याशिवाय कोणी उधारी फेडत नाही की हो. माझी 40 जणांची जुनी येणी आहेत, दुहेरी नोंद आज सुरू केली तर ती कुठं दाखवू?

शहापूरचे_दिवाणजी
पहिल्याच दिवशी प्रत्येक नाव नावे आणि त्याची दुसरी बाजू भांडवलात. मात्र जी वसूल होणारच नाहीत ती भांडवलात फुगवून धरू नका.

सुहास_निपाणी
उचलीचं पटलं. पण टेंपोभाडं वेगळं कशाला? माल दारात येईपर्यंतचा खर्च मी खरेदीतच मिळवतो, 12,400.

शहापूरचे_दिवाणजी
नफा दोन्ही रीतीनं जवळपास तोच. पण वेगळं ठेवलं तर रविवार पेठेची खेप किती महाग पडते ते कळतं.

सुहास_निपाणी
मला तर किलोमागचा भाव काढायला 12,400 च बरं पडतं.

वैशाली_खानापूर
काकूंची नोंद बदलली, 75,500 जुळले. दिवाणजीकाका, आता या आठवड्यात नफा किती ते यातून निघेल का?

शहापूरचे_दिवाणजी
अजून नाही. विक्री 8,500 ची झाली, पण त्यात खरेदीभावानं किती माल गेला ते वहीत नाही. रविवारी दुकान बंद असताना उरलेला माल मोजा, खरेदीच्या भावानं किंमत लावा आणि इथं टाका.