नीट रिपीटर: फिजिक्ससाठी नेमकं काय बदलू? मदत हवी आहे

बायोलॉजी ३६० पैकी ३०५, फिजिक्स १८० पैकी फक्त ४८: १८ बरोबर, २४ चूक, ३ सोडले. तोच पेपर नंतर घड्याळ न लावता सोडवला, तर ३१ बरोबर आले. म्हणून सगळी लेक्चर्स पुन्हा ऐकणं मला पटत नाही (घरच्यांना पटतं!). फिजिक्स शेवटी घ्यायचो, उरलेल्या अर्ध्या तासात अंदाजपंचे गोळे भरले गेले. मॉकमध्ये फिजिक्स आधी घेऊन पाहिलं. ते सुधारलं, पण बायोलॉजी घाईत घसरली. यंदा क्लास नाही, फक्त टेस्ट सिरीज आहे. बायोलॉजी ४५ मिनिटांत संपवून मग फिजिक्स दोन फेऱ्यांत करावं का? आणि पहिल्या फेरीत एखादा प्रश्न किती वेळाने सोडून द्यायचा?