काविळीनंतर हजेरी कमी: अर्जात काय लिहावं

> कावीळ झाल्याने दीड महिना सांगलीतल्या कॉलेजला जाता आलं नाही. हजेरी ६५ टक्के भरतेय. एचओडी सरांना अर्ज कसा लिहू?

आजाराचं वर्णन दोन ओळींत आटपा. अर्ज अडतो तो तारखांवर. डिस्चार्ज कार्डावर समजा सहाच दिवस असतील, तर उरलेल्या महिनाभराची गैरहजेरी त्यात बसत नाही. म्हणून डॉक्टरांकडून ‘अमुक ते अमुक तारखेपर्यंत सक्तीची विश्रांती’ असं लेखी घ्या, सोबत फिटनेस सर्टिफिकेट. फिटनेसची तारीख आणि तुम्ही वर्गात परतल्याची तारीख जुळली पाहिजे. क्लार्क आधी तेच बघतात.

मग हिशोब मांडा. समजा १८० तासांपैकी ११७ ला हजर, म्हणजे ६५ टक्के. आजारपणात ४१ तास बुडाले असतील, तर उरलेल्या १३९ पैकी ११७ भरले, म्हणजे ८४ टक्के. ही ओळ अर्जात हवीच, कारण सरांना शिफारस लिहायला तिचाच आधार मिळतो. आकडे विषयवार द्या. प्रॅक्टिकल वेगळी दाखवा, ती भरून काढायची तयारीही लिहा.

सूट बहुतेक ठिकाणी प्राचार्य किंवा विद्यापीठ देतं, विभागप्रमुख शिफारस करतात. त्यामुळे ‘मा. प्राचार्य, विभागप्रमुखांमार्फत’ असा मायना चालेल का, ते ऑफिसात विचारा. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका!