मदत हवी आहे: अमेरिकेत रोख्यांचं व्याज वाढलं की सोनं पडतं म्हणतात, मग बेळगावच्या खडेबाजारात का पडत नाही?

निपाणीकर: दिवाळीनंतर मुलीचं लग्न आहे, तंबाखूचे पैसे हातात आलेत. टीव्हीवर सांगतात, अमेरिकेत 'रिअल यील्ड' चढलं म्हणून सोनं उतरलं. सरकारी रोख्यांचा सोन्याशी संबंध काय? आणि बेळगावात सराफ तर जुनाच दर सांगतोय.

टिळकवाडीकर: व्याज वाढलं की लोक सोनं विकून पैसे बँकेत ठेवतात. सोपं आहे.

जुना_खातेवहीवाला: अर्धंच खरं. 1970 च्या दशकात अमेरिकेत व्याजही चढत होतं आणि सोनंही, कारण महागाई व्याजाच्या पुढे पळत होती. बघायचं ते महागाई वजा करून उरणारं व्याज, टीव्हीवाल्यांचं 'रिअल यील्ड' ते हेच. समजा रोखा 5 टक्के देतो आणि महागाई 6 राहील असा अंदाज आहे. रोखेवाल्याला दरसाल 1 टक्का खोट. मग व्याज न देणारं सोनं ठेवायला कुणाची हरकत? आता अंदाज 3 वर आला. व्याज तेवढंच, पण 2 टक्के खरे उरले. मोठे फंड म्हणतात, सोनं धरून बसलो तर हे 2 टक्के बुडाले, वर लॉकरभाडं. ते विकायला लागतात. जगात सोन्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो, म्हणून अमेरिकेच्या महागाईला जोडलेल्या 10 वर्षांच्या रोख्यांवर, म्हणजे टिप्सवर, सगळ्यांची नजर.

खानापूरची_ताई: आमच्या सोसायटीनं सोनेतारणाचं व्याज वाढवलंय. म्हणजे माझ्या बांगड्यांची किंमत उतरली काय ओ?

जुना_खातेवहीवाला: नाही ताई, तो सोसायटीचा कर्जाचा दर. बांगड्यांची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावानं.

निपाणीकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला 2013 चं वर्ष बघा. टिप्सचा दर शून्याखालून वर्षभरात पाऊण टक्क्याच्या आसपास गेला. सोनं औंसाला साधारण 1,670 डॉलरवरून 1,200 पर्यंत घसरलं. पण त्याच वर्षी डॉलर 55 रुपयांवरून 62 च्या घरात गेला, मध्ये ऑगस्टात तर 68 ला टेकला होता. आयातशुल्कही टप्प्याटप्प्यानं 10 टक्क्यांवर नेलं. बाहेरची बरीचशी घसरण या दोघांनीच खाल्ली, आपल्या सराफाच्या पाटीवर थोडीच उतरली.

टिळकवाडीकर: मग 2022 चं काय? टिप्सचा दर उणे 1 वरून दीडपर्यंत चढला आणि सोनं वर्षअखेर होतं तिथंच!

जुना_खातेवहीवाला: हे मात्र खरं. त्या वर्षी देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकांनी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. रशियाची परकीय गंगाजळी गोठवलेली बघितल्यावर या बँका व्याजाचा हिशेब करत बसत नाहीत. असा गिऱ्हाईक किती दिवस टिकेल यावर जाणकारांतच एकमत नाही.

निपाणीकर: म्हणजे थांबू की घेऊ?

जुना_खातेवहीवाला: भाव पडेल म्हणून लग्नाचं सोनं अडवून ठेवू नका, मी तरी दोन-तीन हप्त्यांत घेईन. टिप्ससोबत डॉलरचा दरही बघत जा.

खानापूरची_ताई: आणि मजुरी आधी ठरवून घ्या, भाऊ. शहापुरात कोण कमी लावतं, कुणाला ठाऊक आहे काय?